मोठी फाइल पुसू का? मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग क्लाउडवर जपण्याविषयी

मुलाखत झाली, पॉडकास्टचा भाग तयार झाला, लोकांनी ऐकलाही. महिनाभराने ड्राइव्हचा निरोप येतो: जागा संपत आली आहे. फायली आकारानुसार लावून पाहिल्या की सगळ्यात वर दिसतात त्या रेकॉर्डरमधून उतरवलेल्या वेव्ह फायली, एकेक पाऊण जीबीची. बरंच खाली त्याच मुलाखतीची एमपीथ्री असते, जेमतेम ८६ एमबीची. दोन्ही लावून ऐकल्या तर कानाला सारख्याच. मग मोठी पुसली तर बिघडलं काय?

मी एकदा पुसली होती. लालबागच्या एका चाळीत गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवलेल्या आजींची ती मुलाखत होती. वर पंखा घरघरत होता, खालच्या रस्त्यावर वरातीचा बँड चालला होता. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि एक ओवी स्वतःशीच गुणगुणल्या, अर्धीच. भागात ती ओवी घेतली नाही, कारण पंख्याखाली ती नीट ऐकूच येत नव्हती. मी ६४ केबीपीएसची एमपीथ्री ठेवली आणि पुढच्या मुलाखतीसाठी कार्ड फॉरमॅट केलं. दोन वर्षांनी आजी गेल्या. त्यांच्या मुलीने ती ओवी मागितली. पंख्याचा आवाज काढून टाकायला बसलो, तर पंख्याबरोबर आजीही गेल्या. उरला तो पाण्याखालून बोलल्यासारखा, बुडबुड्यांचा आवाज. काय गेलं आणि का गेलं, ते मला त्यानंतर समजलं. तेच इथे मांडतो.

## फाइल एवढी मोठी होते कशाने?

आवाज म्हणजे हवेतला सतत बदलणारा दाब. रेकॉर्डर तो सलग टिपत नाही, ठरावीक अंतराने मोजतो. पॉडकास्टसाठी सहसा सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप होतं. प्रत्येक माप २४ बिटांत, म्हणजे ३ बाइटमध्ये लिहिलं जातं. हिशेब सोपा आहे: एका माइकचे सेकंदाला १,४४,००० बाइट. दीड तासाच्या मुलाखतीत ५,४०० सेकंद असतात, म्हणून एका माइकची फाइल साधारण ७७८ एमबी होते. पाहुण्याचा एक माइक आणि आपला एक धरले तर दीड जीबीच्या थोडं वर.

वेव्ह फाइल म्हणजे या मापांची जशीच्या तशी यादी. माणूस बोलत असो वा गप्प असो, यादी त्याच वेगाने वाढत जाते. आता १२८ केबीपीएसची एमपीथ्री घ्या. ती सेकंदाला फक्त १६,००० बाइट वापरते. दोन माइकच्या मापांपैकी जवळजवळ अठराव्या हिश्श्यात सगळं बसवायचं, म्हणजे काहीतरी टाकावंच लागणार.

## रतीबाची वही

दुधाचा रतीब असलेल्या घरात कॅलेंडरवर काय लिहितात? रोज ‘दोन लिटर, दोन लिटर’ असं कोणी लिहीत बसत नाही. रोजचे दोन लिटर हे ठरलेलंच असतं. ज्या दिवशी खाडा झाला किंवा पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं, तेवढीच खूण. महिनाअखेरीस या चार खुणांवरून तीसही दिवसांचा हिशेब जसाच्या तसा मांडता येतो. जागा कमी लागली, पण माहिती एका थेंबाचीही हरवली नाही.

लॉसलेस, म्हणजे काहीही न हरवता केलेलं आकुंचन, याच पद्धतीने चालतं. त्यातला सगळ्यात प्रचलित प्रकार फ्लॅक, फाइलच्या नावाशेवटी `.flac` असतं. आधीच्या काही मापांवरून पुढचं माप काय असेल याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष यातला फरक तेवढा लिहून ठेवतो. आवाज अचानक उड्या मारत नाही, त्यामुळे फरक बहुधा लहान असतो आणि लहान आकडा थोड्या जागेत मावतो. फाइल उघडताना अंदाजात फरक मिळवला की मूळ माप परत हाती येतं, शेवटच्या बिटापर्यंत तेच.

एमपीथ्रीची रीत वेगळी. ती कॅलेंडरवर लिहिते, ‘या महिन्यात साधारण साठ लिटर’. पैसे देण्यापुरतं हे पुरतं. पण सतरा तारखेला दूध आलं होतं का, असं सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर त्याचं उत्तर त्या कागदात नाही. ते कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

## कानाला फरक कळत नाही, मग गेलं काय?

हा आक्षेप खरा आहे. माणसाच्या बोलण्यासाठी नीट तयार केलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री आणि मूळ फाइल यांत बहुतेकांना फरक सांगता येणार नाही, मलाही नाही. श्रोत्यांपर्यंत पोचवायला एमपीथ्रीच योग्य. दीड जीबी डाउनलोड करून भाग ऐका, असं कोणालाही सांगण्यात अर्थ नाही.

पण एमपीथ्री काय टाकायचं हे कशावरून ठरवते ते पाहिलं पाहिजे. दादरच्या फलाटावर गाडी धडधडत जाताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या जवळच्या पट्टीतला लहान आवाज झाकतो. एमपीथ्री कानाच्या या मर्यादेवर उभी आहे. झाकलेलं ऐकू येणारच नाही, मग ते नेमकं कशाला लिहायचं, असं धरून ती तिथले तपशील ढोबळ करते किंवा वगळते.

जोपर्यंत गाडी तशीच धडधडत असते तोपर्यंत हे फसत नाही. फसतं ते आपण गाडी काढायला जातो तेव्हा. नॉइज कमी करणं, हळू बोललेलं वर उचलणं, घुमणारा आवाज कोरडा करणं ही सगळी कामं झाकलेला आवाज उघडा करतात. आणि तिथे तर आधीच काही उरलेलं नसतं. आजींच्या ओवीतले ‘स’, ‘श’, ‘फ’ हे हवेचे वर्ण पंख्याच्या घरघरीखाली होते. एमपीथ्रीने त्यांना पंख्याचाच भाग मानलं. मूळ फाइल असती तर ओवी स्वच्छ मिळालीच असती असं मी म्हणत नाही, पण प्रयत्नाला काहीतरी हाती असतं.

दुसरं नुकसान यापेक्षा साधं आहे आणि तरीही लक्षात येत नाही. तयार भागात दोन माइक एकत्र मिसळलेले असतात. पाहुणा बोलत असताना आपण खोकलो, तर वेगळ्या माइकांच्या मूळ फायलींत आपला माइक तेवढ्यापुरता बंद करता येतो. पाहुण्याच्या माइकमध्ये खोकला थोडा शिरतो, पण खूप कमी. मिसळल्यानंतर खोकला आणि वाक्य यांची ताटातूट जवळजवळ अशक्य होते. म्हणून मूळ म्हणजे फक्त ‘चांगल्या दर्जाची फाइल’ नव्हे. मूळ म्हणजे प्रत्येक माइकचा वेगळा, न कापलेला ट्रॅक.

तिसरं, एमपीथ्री उघडून, कापून, पुन्हा एमपीथ्री म्हणून जतन केली की टाकाटाकी पुन्हा एकदा होते, या वेळी आधीच ढोबळ झालेल्या आवाजावर. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. काही पॉडकास्ट सेवा अपलोड केलेली फाइल आपल्याकडे पुन्हा आकुंचित करतात, तो आणखी एक थर.

## मग सगळं वेव्हमध्येच ठेवायचं?

नाही, माझं उत्तर फ्लॅक. माझ्या मुलाखतींच्या फायली फ्लॅक केल्यावर साधारण निम्म्या होतात. खोली शांत असेल तर त्याहून कमी, पंखा आणि रस्ता असेल तर थोड्या जास्त. कारण घरघरीचा अंदाज बांधता येत नाही. वर्षाला ५० मुलाखती धरल्या तर वेव्हमध्ये सुमारे ७८ जीबी लागतात, फ्लॅकमध्ये ४० च्या आसपास. १०० जीबीच्या योजनेत एका वर्षाऐवजी दोन वर्षांहून जास्त काम मावतं.

जागेपेक्षाही फ्लॅकचा एक गुण मला जास्त मोलाचा वाटतो. फाइल तयार होताना मूळ आवाजाचा एक ठसा, म्हणजे सगळ्या मापांवरून निघणारा एक छोटा आकडा, तिच्या डोक्याशीच लिहून ठेवला जातो. पुढे कधीही फाइल तपासली की ती उलगडून आवाजाचा ठसा पुन्हा काढला जातो आणि लिहिलेल्या ठशाशी ताडला जातो. एक बिट जरी बदललं असेल तरी ते उघडकीला येतं. वेव्ह फाइलला ही सोय नाही. तिच्यात मधेच काही बिघडलं तर कोणीतरी पूर्ण ऐकेपर्यंत पत्ता लागत नाही. शिवाय फ्लॅकमध्ये आवाज छोट्या चौकटींत बांधलेला असतो, सहसा ४,०९६ मापांची एक चौकट. एखादी चौकट खराब झाली तर सेकंदाच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढाच तुकडा जातो, पुढचं वाजत राहतं.

फ्लॅक मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कमांड अशी:

```
flac --best --verify --keep-foreign-metadata 2024-03-17_mic1.wav
flac -t 2024-03-17_mic1.flac
```

पहिल्या ओळीतला `--verify` फाइल बनत असतानाच ती उलटी उलगडून मूळाशी ताडतो. `--keep-foreign-metadata` कशासाठी? बरेच रेकॉर्डर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्डिंगची तारीख, वेळ अशा नोंदी घालतात. हा पर्याय दिला नाही तर आवाज राहतो पण त्या नोंदी जातात. फ्लॅकवरून परत वेव्ह करतानाही तोच पर्याय द्यावा लागतो. दुसरी ओळ पुढे कधीही फाइल तपासण्यासाठी. वेव्ह फाइल आपोआप पुसली जात नाही, तिचं काय करायचं ते आपणच ठरवायचं.

एक मर्यादा आहे. हल्लीचे काही रेकॉर्डर ‘३२-बिट फ्लोट’मध्ये रेकॉर्ड करतात. यात मापं दशांश चिन्ह सरकवून लिहिली जातात, त्यामुळे पाहुणा अचानक मोठ्याने हसला तरी आवाज फाटत नाही. फ्लॅक फक्त पूर्णांक मापं घेतं, फ्लोट नाही. अशा फायली वेव्हमध्येच ठेवा किंवा वेव्हपॅक वापरा, तो फ्लोटही काहीही न हरवता बांधतो.

## पण मी फोनवर रेकॉर्ड केलंय, ते `.m4a` आहे

मग तीच तुमची मूळ फाइल. पुष्कळ जण तिचं वेव्हमध्ये रूपांतर करून ‘आता लॉसलेस झालं’ म्हणून निवांत होतात. ‘साधारण साठ लिटर’ वरून तीस दिवसांची वही पुन्हा लिहायची, तर आकडे मनानेच भरावे लागतील. फाइल दहापट होईल, आवाज तेवढाच राहील. संपादनासाठी वेव्ह प्रत जरूर काढा, पण जपून ठेवायची ती फोनने दिलेली फाइल, नावापलीकडे काहीही न बदलता. पुढच्या वेळेसाठी मात्र फोनच्या सेटिंग्जमध्ये पाहा. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ऑडिओ क्वालिटीखाली ‘लॉसलेस’ हा पर्याय असतो.

दूरच्या पाहुण्याने स्वतःकडे रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं ठरलं तर एवढं नक्की सांगा: व्हॉइस मेसेज म्हणून बोलू नका, तो फार दाबून पाठवला जातो. रेकॉर्डिंगची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

## क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे ना?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. क्लाउड म्हणजे कोणाच्या तरी डेटा सेंटरमधल्या डिस्क. त्यांची एखादी डिस्क गेली तर दुसरीवर प्रत असते, आणि या बाबतीत मोठ्या सेवा खरोखर भक्कम आहेत. पण आपल्या फायली जातात त्या बहुतेक वेळा डिस्क गेल्यामुळे नाही, आपल्याच हातून.

लॅपटॉपवरचं फोल्डर क्लाउडशी सिंक केलेलं असतं, म्हणजे दोन्हीकडे कायम सारखं राहतं. आरशात पाहून कपाळावरची टिकली पुसली की आरशातलीही जाते. सिंकचं तसंच आहे. लॅपटॉपवर फाइल पुसली की क्लाउडवरही पुसली जाते. गूगल ड्राइव्हमध्ये ती कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. संपादन करताना मूळ फाइलच उघडली, मधला भाग कापला आणि सवयीने सेव्ह दाबलं, तर कापलेली फाइल इमानदारीने क्लाउडवर पोचते. त्यामुळे मूळ फायलींचं फोल्डर सिंकमध्ये ठेवू नका. त्या ब्राउझरमधून वेगळ्या फोल्डरमध्ये चढवा आणि संपादन नेहमी प्रतीवर करा.

सेवेकडूनही चुका होतात. मायस्पेस या जुन्या सोशल नेटवर्कने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी गेली. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांची ती गाणी संपली. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले.

यावर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मुलाखती घेणाऱ्यासाठी त्याचा अर्थ साधा: एक प्रत लॅपटॉपवर, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. क्लाउड ही तिसरी प्रत आहे. तिला पहिली आणि एकमेव समजलं की गडबड होते.

आणखी एक गोष्ट मूळ फायलींपुरतीच खास आहे. तयार भागात जे नाही ते त्यांत असतं. ‘हे नका घेऊ’ म्हणत सांगितलेलं, एखाद्याचं नाव, रडू. म्हणून त्या फोल्डरची ‘लिंक असलेला कोणीही’ अशी परवानगी कधीच देऊ नका. विषय नाजूक असेल तर क्रिप्टोमेटरसारख्या साधनाने फायली कुलूपबंद करून मगच चढवा. त्याचा पासवर्ड हरवला तर फायलीही गेल्या, हे लक्षात ठेवून तो कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा ठेवा.

## कार्ड कधी पुसायचं?

आता एक मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत नेऊ. १७ मार्चची दीड तासाची मुलाखत, दोन माइक, दोन वेव्ह फायली, एकूण १.५६ जीबी.

घरी आल्यावर कार्डवरून दोन्ही फायली लॅपटॉपवर घेतो. मग कार्ड रेकॉर्डरमधून काढून त्याची बारीक कडी ‘लॉक’कडे सरकवतो आणि ते पाकिटात घालतो. मायक्रोएसडी कार्डाला ही कडी नसते, तिथे पाकिटावर तारीख लिहिणं एवढंच हाती राहतं. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि तारखेपासून सुरू होणारी ठेवतो. काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावांचे चौकोन करतात, ते मी सोसलं आहे. पाहुण्याची माहिती, जागा, परवानगीचे तपशील मराठीतच, पण शेजारच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये.

मग वरच्या कमांडने दोन फ्लॅक बनवतो. माझ्याकडे त्या मिळून ८०० एमबीच्या आसपास होतात. सगळ्या फायलींचा ठसा एका यादीत घेतो:

```
sha256sum *.flac *.txt > SHA256SUMS
sha256sum -c SHA256SUMS
```

पहिली ओळ प्रत्येक फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा लिहिते, दुसरी पुढे तोच ताडून `OK` किंवा `FAILED` सांगते. विंडोजवर एकेका फाइलसाठी `certutil -hashfile नाव.flac SHA256` चालतं, आकडे मग डोळ्यांनी ताडावे लागतात.

हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, तिथे `-c` वाली ओळ चालवतो. मग क्लाउडवर चढवतो. १० एमबीपीएसच्या अपलोडला ८०० एमबीसाठी साधारण अकरा मिनिटं लागतात, मोबाइलच्या २ एमबीपीएसला पाऊण ते एक तास. अपलोड संपल्याची हिरवी खूण पाहून मी समाधान मानत नाही. फोल्डर क्लाउडवरून परत डाउनलोड करतो, वेगळ्या जागी ठेवतो आणि पुन्हा ताडतो. दोनदा मला इथे `FAILED` दिसलं आहे. दोन्ही वेळा नेट मध्येच तुटलं होतं आणि फाइल अर्धीच पोचली होती. एकदा तर ती वाजतही होती, शेवटची वीस मिनिटं तेवढी नव्हती.

तिन्ही ठिकाणी `OK` आलं की वेव्ह फायली लॅपटॉपवरून काढतो. कार्ड तरीही पाकिटातच राहतं, भाग प्रसिद्ध होऊन पाहुण्याने तो ऐकून होकार कळवेपर्यंत. त्यानंतरच ते रेकॉर्डरमध्ये घालतो आणि तिथेच फॉरमॅट करतो, लॅपटॉपवर नाही, कारण रेकॉर्डरला हवी तशी मांडणी रेकॉर्डरच करतो.

दर दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार काढून मी बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फोल्डरांत ती दुसरी ओळ चालवतो, आणि क्लाउडवरून त्या वर्षीची कोणतीही एक मुलाखत उतरवून सुरुवात, मध्य आणि शेवट प्रत्यक्ष ऐकतो.